ऑफिस हलवायचं काम इंटर्नच्या हाती आलं तर: यादीत नसलेली कामं कशी शोधायची

एरंडवण्यातल्या एका 42 माणसांच्या कंपनीचं ऑफिस बाणेरला हलवायचं ठरलं. जुन्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार 31 मेला संपणार होता. मार्चच्या सुरुवातीला हे काम शेवटच्या सत्रातल्या एका इंटर्नकडे आलं आणि सोबत पाच ओळींचा कागद: टेम्पो, पॅकर्स, इंटरनेट, नव्या जागेची साफसफाई, सगळ्यांना मेल. "सोपं आहे, आठवड्याभरात प्लॅन दे," असं मॅनेजर सरांनी सांगितलं. मी तिथले हिशेब बघतो, त्यामुळे तिची शीट वाढताना मला रोज दिसत होती. शेवटी ती नव्वदीच्या आसपास गेली, आणि त्यात सामान उचलण्याच्या ओळी जेमतेम दहा-बारा होत्या.

बाकीच्या ओळी कुठून आल्या? ऑफिसच्या पत्त्याला असंख्य व्यवस्था चिकटलेल्या असतात, आणि त्यातली कुठलीच गोष्ट ऑफिसात फेरी मारून दिसत नाही. खुर्च्या मोजता येतात. पण महिन्याच्या पाच तारखेला आपोआप येणारा पाण्याचा जारवाला मोजायचा राहतो. म्हणून अशा कामाची सुरुवात टेप घेऊन खोल्या मोजण्यापासून करू नये.

पहिलं काम: बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट

ती माझ्याकडे आली तेव्हा तिला पॅकर्सना किती ॲडव्हान्स देता येईल एवढंच विचारायचं होतं. मी तिला गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये दिलं, पगाराच्या ओळी काढून. बाराच महिने का, तर तीन महिन्यांत वर्षातून एकदाच येणारे खर्च दिसत नाहीत. अग्निशमन सिलिंडर भरून घेणं, एसीचं वार्षिक देखभाल कंत्राट, यूपीएसची सर्व्हिस आणि विमा वर्षातून एकदाच डोकं वर काढतात.

पद्धत सोपी आहे. नावानुसार सॉर्ट करायचं, दोनदा किंवा जास्त वेळा आलेलं प्रत्येक नाव वेगळं काढायचं आणि एकदाच आलेल्या मोठ्या रकमाही बघायच्या. मग प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न: ही वस्तू आपली की भाड्याची? हे लोक नव्या जागी येणार का? नसतील येणार, तर किती दिवस आधी कळवायचं? प्रिंटर भाड्याचा निघाला, आणि त्याच्या करारात मशीन त्यांच्याच माणसाने हलवायचं असं कलम होतं. आपण हलवलं तर बिघाड आपल्या माथी. कॉफी मशीनचंही तसंच. पॅकर्सनी दोन्ही वस्तू आपल्या कोटेशनमध्ये धरल्या होत्या, त्या वगळून घेतल्या तेव्हा रक्कमही थोडी उतरली.

विम्याची ओळ मात्र सगळ्यांच्याच नजरेतून सुटली असती. ऑफिसातल्या सामानाची पॉलिसी ठरावीक पत्त्यासाठी असते. सामान बाणेरला गेलं आणि पॉलिसीवर एरंडवणे राहिलं, तर पहिल्याच आठवड्यात आग लागली तरी दाव्यावरून वाद होणार. त्यामुळे नव्या पत्त्याची नोंद शिफ्टिंगच्या तारखेपासून लागू होईल अशी आधीच करून घ्यावी. वाटेतल्या प्रवासाचा विमा ही वेगळी गोष्ट. पॅकर्सच्या कोटेशनमध्ये 'इन्शुरन्स' म्हणून एक ओळ असते. ती बहुतेक वेळा त्यांची स्वतःची हमी असते, विमा कंपनीची पॉलिसी नव्हे. पॉलिसी नंबर मागा. लेखी आला नाही तर ती ओळ काढायला सांगा आणि आपल्या विमा एजंटकडून त्या दोन दिवसांचं संरक्षण घ्या.

दुसरं काम: काका आणि मावशींशी बोलणं

डिपार्टमेंटच्या प्रमुखांना मेल करून 'तुमच्या गरजा कळवा' असं विचारलं की खिडकीजवळची जागा हवी, मॉनिटर दोन हवेत, अशी उत्तरं येतात. जागेची खरी माहिती असते ती ऑफिस उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या माणसांना. इंटर्न संध्याकाळी चहाच्या वेळेला काकांबरोबर बसली. प्रश्न असा होता: "काका, तुम्ही आठ दिवस सुट्टीवर गेलात तर काय काय अडेल?" या एका प्रश्नावर वीसेक मिनिटं उत्तर आलं.

माळ्यावर जुन्या फायलींची खोकी आहेत, चावी काकांकडे. सोसायटीचा सामानाचा लिफ्ट रविवारी बंद असतो. आणि कॉन्फरन्स रूममधलं टेबल लिफ्टमधून जाणार नाही. "ते आलंच नाही ना लिफ्टमधून. सुताराने इथंच बसून केलंय."

हे ऐकून तिने मग टेप काढला. टेबलाची फळी एकसंध, 10 फूट लांब, 4 फूट रुंद. लिफ्ट आतून 6 फूट बाय 5 फूट आणि 7 फूट उंच. फळी तिरपी उभी केली तरी 6 बाय 7 चा कर्ण सव्वानऊ फुटांचाच. जिन्याच्या वळणावरचा पट्टा पावणेचार फुटांचा, तिथेही वळत नाही. हे शिफ्टिंगच्या दिवशी कळलं असतं तर चार हमाल, एक टेम्पो आणि तीन मॅनेजर टेबलाभोवती उभे राहिले असते. आधी कळल्यामुळे पर्याय मिळाले: सुताराकडून मधून कापून खाली पट्टी लावून जोडायचं, की जागामालकालाच विकायचं. नव्या जागेच्या लिफ्टचं माप घेतल्यावर विकायचं ठरलं.

मोठ्या वस्तूंसाठी नियम असा ठेवा: साडेसहा फुटांहून लांब असलेली प्रत्येक वस्तू मोजायची. त्यानंतर दोन्ही इमारतींतल्या लिफ्टचं दार, लिफ्टची आतली मापं, जिन्याचं वळण आणि नव्या ऑफिसच्या मुख्य दरवाजाची उघडल्यावर राहणारी रुंदी मोजायची. शेवटचं माप लोक विसरतात. दार 3 फुटांचं असतं, पण फळी पूर्ण उघडत नसेल तर वाट अडीच फुटांचीच मिळते.

माळ्यावरच्या खोक्यांचा निर्णय इंटर्नने घेऊ नये. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपून ठेवावी लागतात, आणि एखादं प्रकरण सुरू असेल तर त्याहून जास्त. तिने प्रत्येक खोक्यावर वर्ष आणि विषय लिहिला, फोटो काढले आणि यादी आमच्याकडे दिली. काय रद्दीत जाणार ते सीएने ठरवलं. जुने कॉम्प्युटर भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायचे आणि पावती घ्यायची. त्याआधी हार्ड डिस्क काढून पुसून घ्यायच्या.

इंटरनेट: दोन वेगवेगळी कामं एका ओळीत लपलेली

मूळ कागदावर 'इंटरनेट' अशी एकच ओळ होती. त्यात पहिलं काम म्हणजे नव्या जागी लाइन येणं. घरगुती ब्रॉडबँड दोन दिवसांत लागतो, म्हणून ऑफिसची लीज्ड लाइनही तशीच लागेल असं लोक धरून चालतात. कंपनी आधी जागेची पाहणी करते, मग फायबर ओढायला इमारतीची परवानगी लागते, मग रस्त्यापासून डक्टपर्यंतचं काम. तीन ते सहा आठवडे सहज जातात, आणि उशीर बहुतेक वेळा इमारतीच्या परवानगीत होतो. नवी जागा पक्की झाली त्याच आठवड्यात ऑर्डर द्यावी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना स्वतः भेटून पत्र द्यावं. दोन्ही जागांची लाइन एक महिना एकाच वेळी चालू ठेवायचा खर्च बजेटमध्ये धरा. तो वाचवायला जाऊ नये.

दुसरं काम खरं लपलेलं. नवी लाइन म्हणजे नवा स्थिर आयपी, म्हणजे इंटरनेटवर आपलं ऑफिस ओळखायचा आकडी पत्ता. हा पत्ता कुणाकुणाच्या फायरवॉलमध्ये 'यांनाच आत येऊ द्या' म्हणून लिहिलेला आहे? ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून आताचा आयपी असा कळतो:

```
curl ifconfig.me
```

आलेला आकडा घेऊन तीन ठिकाणी शोधायचं: कंपनीच्या जुन्या मेलमध्ये, डेव्हलपर लोकांच्या सर्व्हर सेटिंगमध्ये आणि आमच्याकडे, म्हणजे अकाउंट्समध्ये. मेलमध्ये शोधल्यावर एका ग्राहक कंपनीशी दोन वर्षांपूर्वी झालेला पत्रव्यवहार सापडला. त्यांच्या टेस्ट सर्व्हरवर आमच्या फक्त त्याच आयपीवरून जाता येत होतं. त्यांना विचारल्यावर कळलं की असा बदल त्यांच्याकडे मंजुरीच्या बैठकीतून जातो, आणि ती पंधरा दिवसांतून एकदा होते. म्हणजे शिफ्टिंगच्या सोमवारी सांगितलं असतं तर सहा जणांची टीम दोन आठवडे हातावर हात ठेवून बसली असती. आमच्याकडे पगार वाटपाची फाइल बँकेला जाते, तिथेही तोच आयपी नोंदलेला होता. दोघांकडेही नवा आयपी आधी वाढवून घेतला, आणि जुना काढायचा अर्ज शिफ्टिंग झाल्यावर केला. क्रम उलटा केला तर मधल्या काळात दोन्हीकडून काम बंद.

वीज: बिलावर एक ओळ वाचायची

नव्या जागेचं महावितरणचं बिल मागवा आणि त्यावर 'मंजूर भार' बघा. बाणेरच्या बिलावर 15 किलोवॉट होता. इलेक्ट्रिशियनने मांडलेला हिशेब असा: दीड टनाचे आठ एसी मिळून साधारण 13, कॉम्प्युटर 6, दिवे, प्रिंटर आणि पँट्री 3. एकूण 22. सगळं एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाही, तरी मे महिन्यात दुपारी चार वाजता चालतंच. भार वाढवायचा अर्ज ग्राहकाच्या नावाने जातो, आणि ग्राहक म्हणजे जागामालक. म्हणून ही गोष्ट करारावर सही होण्यापूर्वी मालकाकडून कबूल करून घ्यावी. नंतर त्यांना घाई नसते. व्यावसायिक जोडणीचा मंजूर भार 20 किलोवॉटच्या वर गेला की दरगट बदलतो, हेही विचारात घ्या. इथे एसी इन्व्हर्टरचे घेऊन भार 20 वर बसवला.

कमी भारावर चाललंय हे ओळखायचं कसं? दुपारी मुख्य एमसीबी पडतो, सकाळी पडत नाही. लोक इलेक्ट्रिशियन बदलत राहतात, तो बिचारा दरवेळी एमसीबी बदलून जातो.

पत्ता बदलण्याची सरकारी कामं

इथे इंटर्नने फॉर्म भरायचे नाहीत, पण कुठलं काम कुणाकडे अडकलंय ते मात्र तिलाच माहीत हवं. जागा कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय असेल तर पहिला प्रश्न हद्दीचा. एरंडवणे आणि बाणेर दोन्ही पुणे महापालिकेत, म्हणून संचालक मंडळाचा ठराव पुरला आणि त्यानंतर 30 दिवसांत कंपनी रजिस्ट्रारला पत्ता कळवायचा आयएनसी-22 फॉर्म. हेच ऑफिस हिंजवडीला किंवा पिंपरीला गेलं असतं तर शहराची हद्द ओलांडली म्हणून भागधारकांचा विशेष ठराव लागला असता, आणि त्याची नोटीस, सभा, वेगळा फॉर्म असं सगळं वाढलं असतं. नकाशावर अंतर थोडंसं, कागदावर महिनाभराचा फरक. फॉर्मला जोडायचं वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून ते फार आधी मागवून ठेवण्यात अर्थ नाही.

जीएसटीमध्ये पत्त्यातला बदल 15 दिवसांत कळवायचा असतो आणि मुख्य जागेचा बदल अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच होतो. दोन्ही जागा काही दिवस हातात असतील तर आधी नवी जागा 'अतिरिक्त जागा' म्हणून जोडायची, मग ती मुख्य करायची आणि शेवटी जुनी काढायची. असं केलं की सामान कुठेही असो, नोंदणीबाहेरच्या पत्त्यावर काम चाललंय असं होत नाही.

आता खरी अडचण. जीएसटी पोर्टलवर ओटीपी जात होता तो दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर. रिटर्न डिजिटल सहीने जात असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्या संचालकांची ती सही होती तिची मुदत एप्रिलमध्ये संपत होती, म्हणजे आयएनसी-22 भरायच्या आधी. या दोन्ही गोष्टी इंटर्नला कळल्या, कारण तिने प्रत्येक पोर्टलपुढे चार रकाने केले होते: लॉगिन कुणाकडे, ओटीपी कुणाच्या फोनवर, सही कुणाची, सहीची मुदत कधीपर्यंत. हा तक्ता जीएसटी, कंपनी खातं, प्रॉव्हिडंट फंड, ईएसआयसी, व्यवसाय कर, टॅन आणि बँक अशा सगळ्यांसाठी एकदाच भरा. पहिल्याच दिवशी भरला तर सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो.

शॉप ॲक्टची नोंद बदलायची असतेच. नव्या जागेच्या पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि इतर लिपीतली अक्षरं त्याहून मोठी नकोत. 2022 च्या दुरुस्तीपासून लहान आस्थापनांनाही हे लागू आहे. डिझायनरने पाठवलेल्या पाटीत इंग्रजी लोगो दोन फुटांचा आणि मराठी नाव खाली चार इंचांचं होतं. छापायला जाण्याआधी ती परत पाठवली.

टपालाचं विसरू नका. चेक आणि नोटिसा अजूनही पोस्टाने येतात. जुन्या भागातल्या पोस्टात टपाल नव्या पत्त्यावर वळवायचा अर्ज द्या आणि वॉचमनला फोन नंबर देऊन ठेवा. दुसऱ्या उपायाचा अनुभव पहिल्यापेक्षा चांगला आहे.

तारखा शेवटाकडून मांडायच्या

कागदावर '31 मे' दिसल्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात शिफ्टिंग मे अखेरीला होतं. इंटर्नने जुना करार पूर्ण वाचला. त्यात जागा मूळ स्थितीत परत द्यायची अट होती, म्हणजे आपण घातलेली पार्टिशन काढणं, भिंतींना रंग, तोडलेल्या टाइल्स बसवणं. याला दहा-बारा दिवस, शिवाय सोसायटी राडारोडा न्यायला वेळ ठरवून देते. डिपॉझिट चावी दिल्यावर मिळणार होतं. म्हणून 31 मे ही चावी देण्याची तारीख, शिफ्टिंगची नव्हे.

तिथून मागे मोजलं: मेच्या तिसऱ्या शनिवारी सामान हलणार, रविवार नव्या जागी जोडणीला. लिफ्ट रविवारी बंद असल्यामुळे जुन्या बाजूचं सगळं शनिवारीच उतरवायचं, त्यासाठी सोसायटीकडे लेखी परवानगी. त्याआधीच्या आठवड्यात नवी इंटरनेट लाइन सुरू असलीच पाहिजे, नसेल तर शिफ्टिंग पुढे ढकलायचं, हा एकच निर्णयाचा टप्पा तिने लाल केला होता. ग्राहकाच्या मंजुरीची बैठक एप्रिलअखेरची पकडली. लाइनची ऑर्डर मार्चमध्येच गेली. 31 मेच्या आधीची दहा-बारा दिवसांची कामं धरली तर पुढे ढकलायला जेमतेम काही दिवसांचीच मोकळीक आहे, हेही सरांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

प्रत्येक ओळीपुढे कामाची तारीख लिहू नका. 'शेवटचं कधी विचारलं तर चालेल' ती तारीख लिहा आणि शीट त्याच तारखेने सॉर्ट करा. इंटर्नकडे अधिकार नसतात, तिला लोक 'बघतो' म्हणतात. या शीटमुळे ती सरांकडे दर सोमवारी फक्त त्या आठवड्यात संपणाऱ्या ओळी घेऊन जायची, आणि पुढचा फोन सरच करायचे.

सामान गेल्यानंतरची कामं

रिकाम्या जागेचे फोटो खोलीवार काढा, वीज मीटरचं रीडिंग मालकासमोर घ्या आणि चावी दिल्याची पोच लिहून घ्या. करारासोबतच्या यादीत एसी, पंखे, गीझर मालकाचे म्हणून असतील तर ते तिथेच आहेत याचेही फोटो हवेत. पॅकर्स दिसेल ते उचलतात. जुनी इंटरनेट लाइन बंद करायचा मेल टाकून भागत नाही. राउटर परत दिल्याची पावती मिळेपर्यंत बिल येतच राहतं, आणि कंत्राटात 30 दिवसांची नोटीस असेल तर ते दिवस मेल गेल्यापासून मोजले जातात. हा मेल शिफ्टिंगच्या दुसऱ्या दिवशी, नवी लाइन दिवसभर नीट चालल्याची खात्री झाल्यावर पाठवावा.